पोझ धरा, पण वेळेवर सोडा

गेल्या भागात आपण कंट्रोलनेट म्हणजे काय हे पाहिलं. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पाठवली. ओपनपोझ लावलं की पोझ अगदी बरोबर येते, पण माणूस पुतळ्यासारखा दिसतो. वजन कमी केलं की चित्र मोकळं होतं, पण पोझ हातची जाते. मग मधला काही रस्ता आहे का?

आहे. आणि तो वजनाच्या स्लायडरवर नाहीये. त्याच्या खाली दोन छोटे आकडे असतात, त्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही. डिफ्यूझर्समध्ये त्यांची नावं `control_guidance_start` आणि `control_guidance_end`. ऑटोमॅटिक११११ वापरत असाल तर तिथे `Starting Control Step` आणि `Ending Control Step` असं दिसेल. न बदलता ठेवले तर पहिला ० असतो आणि दुसरा १. म्हणजे कंट्रोलनेट पहिल्या स्टेपपासून शेवटच्या स्टेपपर्यंत मॉडेलच्या मानगुटीवर बसलेलं असतं.

आजच्या भागात फक्त हे दोन आकडे. त्यातही जास्त वेळ दुसऱ्याला, कारण पोझच्या बाबतीत खरी गंमत त्याच्यातच आहे.

वीस स्टेप्समध्ये काय काय ठरतं

आधी थोडी उजळणी. डिफ्युजन मॉडेल निव्वळ नॉइजपासून सुरुवात करतं आणि प्रत्येक स्टेपला त्यातला थोडा नॉइज काढतं. समजा आपण २० स्टेप्स घेतल्या. तर या विसाही स्टेप्समध्ये सारखंच काम होतं का? नाही.

पहिल्या चार-पाच स्टेप्समध्ये मोठ्या गोष्टी ठरतात. माणूस फ्रेममध्ये कुठे आहे, डोकं कुठे, धड कुठल्या बाजूला झुकलंय, हात वर आहेत की खाली, उजेड कुठून येतोय. मधल्या स्टेप्समध्ये कपड्यांचे मोठे आकार आणि चेहऱ्याची ठेवण येते. शेवटच्या स्टेप्समध्ये चुण्या, केस, कापडाचा पोत, डोळ्यांतली चमक.

असं का होतं, ते जरा समजून घेऊ. स्टेबल डिफ्युजन १.५ मध्ये ५१२ बाय ७६८ चं चित्र काढायचं असेल, तर मॉडेल आतमध्ये ६४ बाय ९६ च्या जाळीवर काम करतं. जाळीतलं एक घर म्हणजे चित्रातले ८ बाय ८ पिक्सेल. नॉइज प्रत्येक घरात वेगवेगळा, वर-खाली होणारा असतो. धड शेकडो घरांवर पसरलेलं असतं, त्यामुळे इतक्या घरांचा एकत्र विचार केला की नॉइज एकमेकांना खोडतो आणि मोठा आकार त्यातूनही ओळखू येतो. साडीची एक निरी मात्र एखाद-दुसऱ्या घराच्या रुंदीची असते. ती नॉइजमध्ये पार बुडून जाते आणि नॉइज बराच कमी झाल्यावरच वर येते. म्हणून मोठं आधी, बारीक नंतर.

आता ही गोष्ट पोझला लावून बघा. पोझ ही मोठी गोष्ट आहे, म्हणजे ती लवकर ठरते. एकदा ठरली की पुढच्या स्टेपला मॉडेल समोर दिसणाऱ्या अर्धवट चित्रालाच प्रमाण मानतं. हात वर गेलेला दिसतोय ना, मग त्या हातावर बाही काढतं, बांगड्या काढतं. हात कुठे आहे हे त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपक्यांशिवाय आकृती बसत नाही, पण रंग भरताना कुणी ठिपके मोजत बसत नाही. आणि रंग भरून झाल्यावरही ठिपके दिसत राहिले तर रांगोळी कच्ची वाटते. पोझचा नकाशाही तसाच आहे.

मग शेवटपर्यंत धरून ठेवलं तर बिघडतं काय?

ओपनपोझचा नकाशा म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत काठ्यांची आकृती. शरीराचे १८ बिंदू असतात: नाक, मान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबरेचे दोन बिंदू, गुडघे, घोटे, डोळे आणि कान. बिंदू काठ्यांनी जोडलेले. बस, एवढंच. या नकाशात मांडीची जाडी नाही, कापड नाही, पाठीचा बाक नाही, हातात काय धरलंय ते नाही.

कंट्रोलनेट हा नकाशा वाचतं आणि मूळ मॉडेलच्या आतल्या १३ ठिकाणी आपली भर घालतं. प्रत्येक स्टेपला. सुरुवातीच्या स्टेप्सना ही भर म्हणजे दिशा असते: इथे माणूस, असा हात. पण पंधराव्या-सोळाव्या स्टेपला चित्रात हात असतोच. तरीही भर येतच राहते, आणि आता ती आधीच असलेला हात काठीच्या जास्तीत जास्त जवळ ओढते. काठी सरळ आहे म्हणून हातही सरळ. काठीभोवतीचं कापड अंगाला चिकटतं, कारण अंगापासून दूर फुललेलं कापड हे त्या काठीशी तितकंसं जुळत नाही. ओढणी, पदर, वेणी यांना स्वतःचं वजन असल्यासारखं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. नकाशा ज्या फोटोवरून काढला त्या व्यक्तीच्या हाडांची लांबी नकाशात येते. ओपनपोझने मनगट दहा पिक्सेल चुकवलं असेल तर ती चूकही येते. सुरुवातीला, सगळं धूसर असताना, दहा पिक्सेल म्हणजे जाळीतलं जेमतेम एक घर. त्याने फारसा फरक पडत नाही. शेवटी मात्र तेच दहा पिक्सेल मनगट मुरगळल्यासारखं दाखवतात.

एक सांगून ठेवतो. पोझचा नकाशा हा कॅनी किंवा डेप्थच्या मानाने सौम्यच असतो. ते दोघे कडा आणि पृष्ठभाग बांधून टाकतात, हा फक्त सांधे बांधतो. त्यामुळे पोझमुळे येणारा ताठरपणा ढोबळ नसतो. चित्र चुकलंय असं वाटत नाही, फक्त जिवंत वाटत नाही. म्हणूनच तो पटकन पकडता येत नाही.

एक खरं काम

माझी मावसबहीण लेझीमच्या पथकात आहे. नव्या बॅचच्या जाहिरातीसाठी त्यांना चित्र हवं होतं. अट दोन गोष्टींची. पथकातल्या कुठल्याच मुलीचा चेहरा पोस्टरवर नको, कारण पोस्टर सगळ्या ग्रुपांवर फिरणार. आणि पोझ मात्र त्यांच्याच पथकाची हवी: उजवा गुडघा वाकवलेला, डावा पाय बाजूला लांब टाकलेला, दोन्ही हात उजव्या खांद्याच्या वर. लेझीम खेळणारा माणूस चित्रात चेहरा नंतर बघतो, आधी गुडघा आणि मनगटं बघतो.

मग एका मुलीच्या परवानगीने तिच्या सरावाच्या फोटोवरून फक्त काठ्यांची आकृती काढली. फोटो बाजूला ठेवला. मॉडेल स्टेबल डिफ्युजन १.५, त्याच्यासोबत `control_v11p_sd15_openpose`, २० स्टेप्स, वजन १. प्रॉम्प्टमध्ये नऊवारी नेसलेली मुलगी, मैदान, संध्याकाळचा उजेड.

पहिला प्रयत्न शेवट १.० ठेवून, म्हणजे विसाच्या वीस स्टेप्स कंट्रोलनेट चालू. पोझ बिनचूक आली. गुडघा, मनगटं, सगळं काठीवर. पण नऊवारीचा काष्टा पायाला लेगिंगसारखा चिकटलेला. वाकलेल्या गुडघ्यावर कापड ताणलं जातं आणि मांडीखाली सैल पडतं, तसं काहीच नाही. वेणी पाठीवर सरळ, जणू मुलगी तासभर तशीच थांबलीये. पथकाच्या ताईंना दाखवलं. त्यांनी दोन सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, "पोझ आमचीच आहे रे, पण पोरगी खेळत नाहीये. फोटोसाठी थांबलीये."

अगदी हाच ताठरपणा. मला तो शब्दांत पकडता येत नव्हता, त्यांनी एका वाक्यात पकडला.

दुसरा प्रयत्न, जो सगळेच करतात: वजन १ वरून ०.५ वर आणलं, शेवट तसाच १.०. आता बघा काय झालं. लांब टाकलेला डावा पाय आत आला, गुडघ्याचा वाक कमी झाला. आणि काष्टा? तो अजूनही बऱ्यापैकी चिकटलेलाच. म्हणजे पोझही गेली आणि मोकळेपणाही पूर्ण आला नाही.

याचं कारण सोपं आहे. वजन कमी केल्यावर जोर सगळ्याच स्टेप्समध्ये कमी होतो. जिथे जोर हवा होता, त्या पहिल्या पाच-सहा स्टेप्समध्येही तो अर्धाच मिळतो. आणि जिथे जोर नकोच होता, त्या शेवटच्या स्टेप्समध्ये तो अर्धा का होईना चालूच राहतो. वजन सांगतं किती जोरात धरायचं. शेवटचा आकडा सांगतो कधी सोडायचं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तिसरा प्रयत्न: वजन परत १, शेवट ०.५.

```python
image = pipe(
    prompt,
    image=pose_map,
    num_inference_steps=20,
    controlnet_conditioning_scale=1.0,
    control_guidance_start=0.0,
    control_guidance_end=0.5,
    generator=torch.Generator("cpu").manual_seed(7),
).images[0]
```

पहिल्या १० स्टेप्स पूर्ण जोराने नकाशा, पुढच्या १० स्टेप्स मॉडेल आणि प्रॉम्प्ट, बाकी कुणी नाही. पोझ टिकली. मनगटं काठीपासून थोडी सरकली, पण खांद्याच्या वरच होती. काष्टा गुडघ्याखाली फुगला, निऱ्यांना खोली आली, वेणी एका बाजूला झोकात गेली. दोन्ही कोपरं काठीइतकी सरळ राहिली नाहीत, किंचित सैल झाली. ताईंनी चित्र मोठं करून गुडघा बघितला आणि मान डोलावली.

लेझीमबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. लाकडी दांडा, साखळी आणि तिच्यातल्या चकत्या हे मॉडेलला नीट येत नाही. शेवट ०.५ केल्यावर हातांची पकड वस्तू धरल्यासारखी झाली एवढंच. साखळी आणि चकत्या नंतर हाताने काढाव्या लागल्या. जे मॉडेलला माहीतच नाही, ते कंट्रोलनेट सोडल्याने येत नाही.

अजून आधी सोडलं तर?

साहजिक प्रश्न. ०.५ ला एवढं छान, तर ०.२ ला आणखी छान? चार वेगवेगळे सीड घेऊन बघितलं. ०.२ म्हणजे फक्त पहिल्या चार स्टेप्स. चारपैकी दोन चित्रांत हात खाली उतरून छातीपाशी आले आणि गुडघा जवळजवळ सरळ झाला. ०.३५ ला, म्हणजे सात स्टेप्सना, तीन चित्रं बरोबर आली आणि एकात हात उतरले. ०.५ ला चारही बरोबर.

हात छातीपाशीच का आले, बाजूला का नाही गेले? कारण मॉडेलची स्वतःची सवय असते. नऊवारी नेसलेली मुलगी म्हटलं की त्याने शिकताना जास्त करून उभी, हात जोडलेली किंवा हात पुढे असलेली मुलगी बघितलेली असणार. नकाशा लवकर सोडला आणि आकार अजून पुरता पक्का झाला नसेल, तर मॉडेल चित्राला आपल्या सवयीकडे ओढतं.

यातून एक उपयोगी नियम निघतो. पोझ जितकी नेहमीची, तितकं लवकर सोडता येतं. साधं उभं राहणं, खुर्चीत बसणं, चालणं असेल तर ०.३ ते ०.४ बऱ्याचदा पुरतं. पोझ जितकी वेगळी, तितका वेळ धरून ठेवावं लागतं. खोल बैठक, एकमेकांवर आलेले पाय, कबड्डीतली चढाई असं काही असेल तर ०.६, ०.७ पर्यंत जावं लागेल. हे आकडे सुरुवात करायला आहेत, पाठ करायला नाहीत. मॉडेल बदललं की तेही सरकतात.

बरोबर आकडा कसा शोधायचा

अंदाजाने स्लायडर हलवत बसू नका. सीड, प्रॉम्प्ट, नकाशा, स्टेप्स, वजन सगळं कायम ठेवा. फक्त शेवट बदला: १.०, ०.७, ०.५, ०.३५. सीड तोच असला की एक छान गोष्ट घडते. ०.३५ आणि ०.५ ही दोन चित्रं सातव्या स्टेपपर्यंत तंतोतंत सारखी असतात. फरक पडतो तो फक्त आठव्या ते दहाव्या स्टेपला नकाशा होता की नव्हता, याच्यामुळे. म्हणजे शेवटच्या दोन चित्रांतला फरक हे थेट त्या तीन स्टेप्सचं काम असतं. त्या तीन स्टेप्सनी पोझ वाचवली की कापड चिकटवलं, हे डोळ्यांना दिसतं.

तुमच्या ॲपमध्ये चालू चित्राचा प्रीव्ह्यू दिसत असेल तर तो लावून ठेवा. धूसर दिसेल, हरकत नाही. हात आणि पाय कितव्या स्टेपला जागेवर बसलेले दिसतात ते बघा आणि त्यात दोन-तीन स्टेप्स मिळवा. माझ्या या चित्रात ते सहाव्या-सातव्या स्टेपला बसत होते. तिथून ०.५ हा आकडा आला.

मग शेवटची तपासणी. तयार झालेल्या चित्रावर पुन्हा ओपनपोझ चालवा आणि नवी काठ्यांची आकृती जुनीवर ठेवून बघा. कोपर, मनगट थोडं सरकलेलं असेल तर चांगलंच, तो मोकळेपणा आहे. कोपराचा कोनच बदलला असेल किंवा गुडघा दुसऱ्या बाजूला गेला असेल, तर तुम्ही लवकर सोडलंत. आणि नवी आकृती जुनीवर जवळजवळ पिक्सेलला पिक्सेल बसत असेल, तर अजून आधी सोडून बघायला जागा आहे. हे कमीत कमी तीन-चार सीडवर करा. एका सीडवर ०.२ सुद्धा नशिबाने चालून जातो.

सुरुवातीचा आकडा

आता `control_guidance_start`. काही जण मोकळेपणा आणायला शेवट कमी न करता सुरुवात पुढे ढकलतात, म्हणजे शून्याऐवजी ०.२. इतर काही नकाशांना हे चालतं, पोझला सहसा नाही. का ते तुम्हीच आता सांगू शकाल. पहिल्या चार स्टेप्स नकाशा नाही, तेवढ्यात मॉडेलने आपल्या मनाने एक मुलगी मधोमध उभी करून टाकली. पाचव्या स्टेपला नकाशा येतो आणि म्हणतो, पाय तिकडे, हात वर. पण धड तर आधीच दुसरीकडे आहे. मग मॉडेल तडजोड करतं.

ती तडजोड ओळखायला सोपी असते. तिसरा हात, खांद्याजवळ दुसऱ्या खांद्याची पुसट सावली, किंवा कंबर एकीकडे आणि पाय भलतीकडे. असं दिसलं की प्रॉम्प्टमध्ये "extra arms" वगैरे निगेटिव्ह घालत बसू नका. आधी सुरुवातीचा आकडा शून्य आहे ना ते बघा.

अगदी थोडा, म्हणजे ०.०५ चा उशीर कधी कधी बरा पडतो. २० स्टेप्समध्ये तो फक्त पहिली स्टेप मोकळी ठेवतो. त्याने उजेड आणि पार्श्वभूमी किंचित जास्त मोकळी होते आणि धड अजून पक्कं झालेलं नसतं. पोझसाठी याच्या पलीकडे जायची गरज मला फारशी पडलेली नाही.

आकडा तोच, स्टेप वेगळी

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून शेवटी हे सांगतो. डिफ्यूझर्स प्रत्येक स्टेपला एक साधा हिशोब करतं. आतली ओळ साधारण अशी आहे:

```python
keep = 1.0 - float(i / n < start or (i + 1) / n > end)
```

इथे `i` म्हणजे स्टेपचा क्रमांक शून्यापासून मोजलेला, आणि `n` म्हणजे एकूण स्टेप्स. `keep` एक असेल तर नकाशा चालू, शून्य असेल तर बंद. मधलं काही नाही. हळूहळू सोडणं हा प्रकार इथे नाही, एका स्टेपला पूर्ण जोर आणि पुढच्या स्टेपला काहीच नाही.

आता यात चार स्टेप्सचं वेगवान मॉडेल घालून बघा. `(i + 1) / n` च्या जागी फक्त चारच आकडे येऊ शकतात: ०.२५, ०.५, ०.७५ आणि १. मग तुम्ही शेवट ०.५ द्या, ०.६ द्या की ०.७, नकाशा दोनच स्टेप्स चालणार आणि चित्र हुबेहूब तेच येणार. स्लायडर हलवूनही चित्र हलत नसेल तर ॲप बिघडलेलं नसतं, तुमच्याकडे स्टेप्सच कमी असतात. अशा मॉडेलवर बारीक फरक करायचा असेल तर शेवट ठरवून वजनाकडे वळावं लागतं.

दुसरी गोष्ट कम्फीयूआय वापरणाऱ्यांसाठी. तिथे आकड्यांची नावं `start_percent` आणि `end_percent`, पण ते स्टेप्स मोजत नाहीत. ते नॉइजची पातळी बघतात. शेड्युलरने स्टेप्स सारख्या अंतरावर ठेवल्या असतील तर दोन्हीकडे निकाल जवळपास सारखाच. पण कारास शेड्युलर कमी नॉइजच्या बाजूला जास्त स्टेप्स ठेवतो. त्यामुळे २० स्टेप्समध्ये ०.६ लिहिलं तर डिफ्यूझर्स बाराव्या स्टेपनंतर सोडेल आणि कम्फीयूआय साधारण दहाव्या-अकराव्या स्टेपला. कुणीतरी व्हिडिओत सांगितलेला आकडा तुमच्याकडे चालला नाही, तर आधी त्याने तो कशात चालवला ते बघा.

आणि वेळ वाचेल म्हणून हे करत असाल तर जपून. डिफ्यूझर्सच्या या पाइपलाइनमध्ये `keep` शून्य झालं तरी कंट्रोलनेट चालतंच, फक्त त्याची भर शून्याने गुणली जाते. चित्र मोकळं होतं, पण वेळ तेवढाच लागतो.

तर मग उद्या एखादी पोझ घेऊन बसाल तेव्हा एवढं करा. वजन १ वर राहू द्या, सुरुवात ० वर राहू द्या आणि शेवट ०.५ पासून सुरू करा. हात-पाय जागा सोडत असतील तर शेवट एक-एक स्टेप पुढे न्या, म्हणजे २० स्टेप्सला ०.०५ ने. कापड अंगाला चिकटत असेल तर तसाच मागे आणा. वजनाला हात सगळ्यात शेवटी लावा.

पुढच्या भागात हाताच्या बोटांबद्दल बोलू. बोटं बारीक असतात, उशिरा ठरतात, म्हणून धडाला ०.५ चाललं तरी बोटांच्या बिंदूंना ते पुरत नाही. तिथे दोन नकाशे आणि दोन वेगवेगळे शेवट द्यावे लागतात. तोवर तुमची सोळा चित्रं, म्हणजे चार सीड आणि चार शेवट, काढून ठेवा. भेटूच!